फराळाबरोबरची चिठ्ठी

फराळाच्या ताटाबरोबर चिठ्ठी पाठविण्याची वहिवाट आपल्याकडे नाही, आणि तिची गरजही नाही. विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन मूल शेजारच्या दारात उभे राहिले, की सांगावयाचे ते सर्व सांगून होते. ताट घेणारी गृहिणी रुमाल उचलून पाहते, चकलीचा एक तुकडा मोडून भाजणी कशी जमली आहे ते मनातल्या मनात जोखते, आणि ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर तरी घालते. आमच्या नाशिक रोडची वस्ती तर पहिल्यापासूनच सरमिसळ. १९२५ च्या सुमारास येथे सरकारी तिकिटांचा व १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. पलीकडे देवळालीची छावणी. मध्ये रेल्वेची वसाहत. त्यामुळे आमच्या आळीत पंजाबी, सिंधी, तमिळ, ख्रिस्ती अशी घरे नेहमीच होती व आहेत. तथापि यांपैकी कोणाही शेजाऱ्यास करंजी म्हणजे काय हे लिहून कळविण्याचा प्रसंग आम्हांवर कधी आला नाही. ज्याच्या घरी करंजी होत नव्हती त्याच्या घरी गुजिया होत होती, आणि ज्याच्या घरी गुजिया होत नव्हती त्याने करंजी शेजारी खाल्लेली होती.

ताटाची ही भाषा जेथे कोणासच येत नाही, तेथे मात्र चिठ्ठी लिहावी लागते. आणि ती लिहावयास बसले म्हणजे आपला सण आपणांस किती थोडा सांगता येतो हे ध्यानात येते. आमची कन्या गेली काही वर्षे इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेस असलेल्या रेडिंग या गावी राहते. तिच्या ओळीतल्या सहा घरांना ती दर दिवाळीत फराळ देते. उजव्या हाताच्या घरात एक वृद्ध इंग्रज बाई एकट्याच राहतात. डाव्या हातास पोलंडहून आलेले एक जोडपे व त्यांची दोन मुले. समोरच्या घरातील मुलास भुईमूग वर्ज्य आहे, आणि तेही आवडीनिवडीमुळे नव्हे, तर एका दाण्याने त्याचा श्वास कोंडतो म्हणून.

पहिल्या वर्षी कन्येने नुसताच फराळ दिला. वृद्ध बाईंनी पातळ पोह्यांचा चिवडा पाहिला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे तो सकाळी वाडग्यात घेऊन त्यावर थंड दूध ओतले. मक्याच्या पोह्यांचे तेथे तसेच करतात. तेव्हा यात त्यांचे काही चुकले असे म्हणता यावयाचे नाही. हळद, मोहरी व हिरवी मिरची यांसह दूध कसे लागले हे त्यांनी पुढे स्वतःच हसत हसत सांगितले. दुसऱ्या वर्षी कन्येने चिठ्ठी लिहिली. ती चांगली पानभर होती, व तिच्यात भारतवर्ष, श्रीरामांचे अयोध्येस आगमन आणि अंधारावर प्रकाशाचा विजय हे सर्व यथास्थित आले होते. शेजाऱ्यांनी ती वाचून आभार मानले. मग त्या वृद्ध बाईंनी कुंपणावरून विचारले, की तुमच्या अंगणात मुलाने चिखलाचा डोंगर करून त्यावर शिपाई उभे केले आहेत, ते कशासाठी? आणि भल्या पहाटे घरभर दिवे लावून तुम्ही सगळे स्नान का करीत होता? चिठ्ठीत या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

२०२४ सालच्या दिवाळीपूर्वी तीच जुनी चिठ्ठी आमच्याकडे दुरुस्तीस आली. आम्ही जन्मभर इंग्रजीच्या वह्या तपासल्या असल्यामुळे केवळ व्याकरण पाहून ती परत जाईल अशी कन्येची अपेक्षा असावी. परंतु चिठ्ठीत व्याकरणाचा दोष जवळजवळ नव्हताच. ‘ऑन द ऑस्पिशस ऑकेजन’ हे शब्द तेवढे आम्ही काढले, कारण आपल्याकडील निमंत्रणपत्रिकांत रुळलेला हा प्रयोग इंग्रज शेजाऱ्याला वकिलाच्या पत्रासारखा वाटतो. ‘स्वीट्स’ हा शब्दही काढला. इंग्लंडात त्याचा अर्थ पोरांच्या खिशातल्या गोळ्या व टॉफ्या असा होतो, आणि फराळातील चकली, कडबोळी व चिवडा तर गोडही नाहीत. खरी अडचण निराळी होती. ती चिठ्ठी कोणत्याही प्रांतातल्या कोणत्याही घराने लिहिली असती तरी चालली असती. शेजाऱ्याला जे दिसत होते ते तिच्यात नव्हते, आणि जे तिच्यात होते ते शेजाऱ्याला कोठेच दिसत नव्हते.

श्रीरामांच्या आगमनाची कथा वगळा असे आम्ही सुचविले, तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे साशंक नजरेने पाहिले. आम्ही राहतो तेथून पंचवटी तीन कोसांवर आहे. ज्या भूमीत रामचंद्रांनी वनवास कंठला तेथील माणसाने त्यांचे नाव गाळावे हे त्यांस रुचेना. परंतु आपल्या घरातील दिवाळीचा क्रम आठवून पाहावा. वसुबारसेला गाय-वासरू, धनत्रयोदशीला धणे-गूळ व यमदीप, चतुर्दशीला नरकासुराच्या नावाने अभ्यंगस्नान, अमावास्येला लक्ष्मी व केरसुणी, प्रतिपदेला बळी, द्वितीयेला यम व त्याची बहीण. अयोध्येची कथा उत्तरेकडील दिवाळीचा प्राण आहे हे निःसंशय. पण मराठी घरात या पाच-सहा दिवसांत जे जे हाताने केले जाते, त्यांपैकी एकही गोष्ट त्या कथेने उलगडत नाही. चिठ्ठी जर आपल्या घराची असेल, तर आपले घर जे करते तेच तिने सांगावे.

मग यांतले कोणते सांगावे? लक्ष्मीला एका शब्दात ‘धनाची देवता’ म्हटले, तर परक्याला वाटते की ही मंडळी पैशाची पूजा करतात; आणि नवी केरसुणी हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजली जाते हे सांगितले, की तीच गोष्ट एकदम घरगुती व समजण्याजोगी होते. नरकासुराची कथा आम्ही एका वाक्यात आवरली. बळीची मात्र आवरवेना. उदार व दानशूर असा हा असुर राजा. वामनाने त्रिपाद भूमी मागितली, दोन पावलांत पृथ्वी व स्वर्ग व्यापले, तेव्हा तिसऱ्या पावलासाठी राजाने स्वतःचे मस्तक पुढे केले व तो पाताळात गेला. आणि ज्या लोकांच्या देवाने त्याला पाताळात घातले तेच लोक, विशेषतः शेतकरी, प्रतिपदेला त्याचे राज्य पुन्हा येवो असे मागतात. हरलेल्या राजासाठी वर्षाचा एक दिवस राखून ठेवणारा हा सण आहे. अंधारावर प्रकाशाच्या विजयाचे वाक्य कोणत्याही भेटकार्डावर छापलेले मिळते. बळीचे वाक्य त्यावर मिळत नाही. म्हणून ते चिठ्ठीत हवे.

किल्ल्याच्या बाबतीत एक सुखद योग जुळून आला. आपल्याकडे मुले किल्ल्याच्या उतारावर आळीव पेरतात, व चार दिवसांत डोंगर हिरवागार होतो. हेच आळीव इंग्रज मुले शाळेत ओल्या कापसावर उगवितात, आणि मोठी माणसे ते उकडलेल्या अंड्याबरोबर पावात घालून खातात; त्यांच्या भाषेत त्यास ‘क्रेस’ म्हणतात. आमच्या नातवाने तेथील दुकानातून बियांची एक पुडी आणून चिखलाच्या रायगडावर टाकली होती. ‘किल्ल्यावरचे हिरवे ते तुमचेच क्रेस आहे’, एवढ्या एका वाक्याने शिवछत्रपतींचा किल्ला त्या ओळीतील सर्व मुलांच्या ओळखीचा झाला.

तिथीचा गुंता त्या वर्षी विशेष होता. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली व १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. आमच्याकडे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तास अमावास्या काही मिनिटे का होईना होती, म्हणून महाराष्ट्रातील पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ तारखेस दिले. इंग्लंडचे घड्याळ त्या वेळी आपल्यामागे साडेपाच तास होते. तेथे १ तारखेस दुपारी पाऊण वाजताच अमावास्या सरली, आणि सूर्यास्त तर साडेचारनंतरचा. अर्थात तेथील पूजा आदल्याच सायंकाळी, ३१ ऑक्टोबरला येत होती. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान व सायंकाळी लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. आणि तोच दिवस तेथील हॅलोवीनचा, ज्या सायंकाळी मुले भुताखेतांचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागतात. लक्ष्मीच्या स्वागतास दार उघडावे आणि समोर हाडांचा सापळा उभा असावा, असा तो योग. यावर तोड अशी निघाली, की फराळ व चिठ्ठी एक दिवस आधी, ३० तारखेस द्यावी, आणि ३१ तारखेस येणाऱ्या छोट्या भुतांसाठी वेष्टनातली चॉकोलेटे निराळी ठेवावीत. कारण तेथील आईबाप त्या सायंकाळी मुलांच्या पिशवीत आलेला उघडा खाऊ सहसा खाऊ देत नाहीत.

आता चिठ्ठीचा जो भाग आम्हांस सर्वांत गद्य वाटला होता, तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. २०१६ साली एका पंधरा वर्षांच्या इंग्रज मुलीने विमानतळावरच्या दुकानातून पाव घेतला. पावाच्या कणकेत तीळ होते, वेष्टनावर ते लिहिलेले नव्हते, आणि तिळाने तिचा जीव घेतला. त्यानंतर कायदा बदलला, व १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात तयार करून बांधून ठेवलेल्या खाद्यावरही घटकांची पूर्ण यादी घालावी लागते. बाधणारे असे चौदा पदार्थ कायद्याने ठरविलेले आहेत, व ते यादीत उठून दिसावे लागतात. शेजाऱ्यास प्रेमाने दिलेल्या डब्यास हा कायदा लागू नाही; पण समोरच्या घरातल्या मुलाचा श्वास कायदा पाहून चालत नाही.

कन्येने त्या चौदांची यादी समोर ठेवून आपला फराळ तपासला, तेव्हा निघालेला हिशेब आम्हांस नवीन होता. बेसनाचा लाडू हरभऱ्याचा, म्हणून गव्हाच्या दोषातून मुक्त; परंतु तुपामुळे दूध आले आणि वर लावलेल्या काजूमुळे कवचफळ आले. शंकरपाळे व करंजी यांत मैदा, म्हणजे गहू. चकलीत तीळ. चिवड्यात शेंगदाणे तर उघडच होते. पण फोडणीतली मोहरीही त्या चौदांत आहे. भाजणीची चकली तांदळाची व डाळींची, तेव्हा गहू न खाणाऱ्यास ती चालेल असे वाटत होते. पण बाजारातल्या हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचली तर बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ घातलेले आढळते. चिमूटभर हिंग, पण ज्याला गहू बाधतो त्याच्या दृष्टीने ती चकली गव्हाचीच.

उपाय असा केला. शेंगदाणे त्या वर्षी घरात आणलेच नाहीत; कारण एकाच कढईत तळले, एकाच झाऱ्याने काढले, तर नुसते निराळे भांडे वापरून भागत नाही. चिवड्यात दाण्यांऐवजी डाळे व तळलेले खोबऱ्याचे काप घातले. लाडवावर काजूऐवजी बेदाणा लावला. सर्वांत आधी, स्वच्छ घासलेल्या कढईत समोरच्या घराचा डबा तयार झाला, आणि तो देण्यापूर्वी मुलाच्या आईस सर्व घटक तोंडी सांगितले. नाजूक म्हणून अनारसे कोणासच दिले नाहीत. प्रत्येक डब्यात दोन लाडू, दोन करंज्या, तीन चकल्या, मूठभर शंकरपाळे, आणि चिवडा निराळ्या पुडीत; कारण एकत्र ठेवल्यास करंजीचा मऊपणा चकलीस लागतो व सकाळपर्यंत दोन्ही बिघडतात. डबे पुठ्ठ्याचे. चांगले भांडे दिले तर ते परत करावे लागते, व त्यात काय घालून परत करावे या विवंचनेत तो शेजारी पडतो. साखरेच्या चिमटीची सोय त्याला ठाऊक नसते.

एका वाक्यावरून मात्र आमच्यात व लेक-जावयांत मतभेद झाला. धनत्रयोदशीस आम्ही दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा ठेवतो. कन्येच्या दारातील तो एकटा दिवा शेजाऱ्यांस दिसणारच होता, तेव्हा त्याचा अर्थ लिहावा असे आमचे म्हणणे. जावयांचे म्हणणे असे, की आनंदाच्या चिठ्ठीत मृत्यूचे नाव कशास? लाडवाबरोबर यमाचा उल्लेख वाचून लोक डबा उघडावयास कचरतील. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु आमच्या मातोश्री तो दिवा लावताना घरातल्या प्रत्येकाचे नाव मनात घेत, हे कन्येने लहानपणी पाहिलेले आहे. आनंद तेवढा सांगावा आणि ज्या भयातून तो दिवा लागला ते झाकावे, तर दिवा नुसती शोभा होतो. फोनवर दोन रात्री वाद होऊन शेवटी ते वाक्य राहिले. चिठ्ठी इंग्रजीत होती. तिचा मराठी तर्जुमा असा :

‘प्रिय शेजारी, या आठवड्यात आमच्या घरी दिवाळी आहे. तुम्हांला आमच्या दारात व अंगणात काही गोष्टी दिसतील, त्या अशा. उंबऱ्यापाशी दक्षिणेकडे तोंड केलेला एकटा दिवा मृत्यूच्या देवासाठी आहे. घरातल्या कोणाला अवेळी नेऊ नये असे आम्ही त्यास सांगतो. गुरुवारी पहाटे दिवे दिसतील, कारण एका दुष्ट राजाच्या वधाची आठवण म्हणून आम्ही सूर्योदयापूर्वी तेल लावून स्नान करतो. त्याच सायंकाळी आम्ही लक्ष्मीची पूजा करू. तिच्याबरोबर घरातल्या नव्या झाडूचीही. शनिवारचा दिवस बळी नावाच्या एका राजाचा. तो हरला, पण तो इतका भला होता की त्याचे राज्य परत यावे असे आमचे शेतकरी अजून म्हणतात. अंगणातला किल्ला मुलाने केला आहे. तो आमच्या प्रांताच्या राजाचा आहे, आणि त्यावरचे हिरवे ते क्रेस. मुलांनी येऊन पाहावा. आम्ही आवाजाचे फटाके लावणार नाही; गुरुवारी सहा वाजता अर्धा तास फुलबाज्या लावू. डब्यातील पदार्थ व त्यांतील सर्व घटक मागील बाजूस लिहिले आहेत. पिवळे पोहे कोरडेच खावयाचे, चहाबरोबर, दुधात नव्हे. डबा परत करू नये.’

फटाक्यांविषयी एवढे सांगणे अवश्य, की २००४ च्या तेथील नियमांप्रमाणे एरवी रात्री अकरानंतर मना असलेले शोभेचे दारूकाम दिवाळीच्या दिवशी रात्री एकपर्यंत चालते, व त्या नियमांत दिवाळीचे नाव घातलेले आहे. म्हणजे कन्येस सवलत होती. पण पाच दिवसांवर त्यांचा स्वतःचा, ५ नोव्हेंबरचा, दारूकामाचा सण होता, आणि वृद्ध बाईंचे कुत्रे आवाजास भिते. सवलत कायद्याने दिली तरी ती किती घ्यावी हे कुंपणापलीकडे पाहूनच ठरवावे लागते.

चिठ्ठीचा परिणाम काय झाला म्हणाल, तर सहापैकी तीन घरांतून कार्डे आली. समोरच्या मुलाने आयुष्यात प्रथमच शेजारचा डबा सर्वांबरोबर खाल्ला, व चिवड्यातील खोबऱ्याचे काप वेचून संपविले. किल्ल्यास शनिवारी सात मुलांनी भेट दिली. वृद्ध बाईंनी बळीविषयी कुंपणावरून बराच वेळ प्रश्न विचारले. ज्या राजाला देवानेच घालविले त्याला परत बोलावणे देवास कसे चालते, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता, आणि कन्येने तो आमच्याकडे धाडला. त्याचे समाधानकारक उत्तर आम्ही अजून शोधीत आहो.

पोलंडच्या बाई मात्र कार्ड न पाठविता स्वतः आल्या. १ नोव्हेंबर हा त्यांच्याकडे सर्व संतांचा दिवस. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी ते लोक कबरींवर काचेच्या झाकणीतले दिवे लावतात, आणि त्यांच्या गावची दफनभूमी रात्री दूरवरून उजळलेली दिसते. त्यांच्या आईची कबर पोलंडात आहे. येथून जाणे झाले नाही, म्हणून गावातल्या दफनभूमीत मधल्या क्रुसापाशी दिवा ठेवून त्या आल्या होत्या. चिठ्ठीतील लक्ष्मी, झाडू, किल्ला यांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. तो दक्षिणेकडचा दिवा तेलाचा की मेणाचा, रात्रभर राहतो का, आणि विझला तर पुन्हा लावतात का, एवढेच त्यांनी विचारले. कन्येने पणती, वात व तेल आणून दाखविले. जाताना त्यांनी तसलाच एक काचेचा दिवा ओट्यावर ठेवला. तो यंदा धनत्रयोदशीस लावावा की नाही, असे कन्येने आम्हांस विचारले आहे, आणि सौभाग्यवतींनी आमचे मत न घेताच लावावा म्हणून कळविले आहे.